गल्लीतल्या पोरांना कबड्डी शिकवायचीय? आधी माती बघा

मी डावा कोपरा खेळायचो. जिल्ह्याच्या संघातून चार वर्षं, मग नोकरी लागली, गुडघा कुरकुरायला लागला आणि खेळ सुटला. हडपसरला राहायला आल्यावर सोसायटीच्या मागच्या वस्तीतली पोरं रस्त्यावर विटेने रेघ मारून कबड्डी खेळताना दिसली. डांबरावर! एक पोरगा पकडीत कोपरावर आपटला आणि हात झटकून पुन्हा उभा राहिला. दुसऱ्या दिवशी मी तिथे गेलो तो आजपर्यंत जातोच आहे. त्याला आता सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत जे जमलं आणि जे चुकलं, ते नव्याने सुरू करणाऱ्या माजी खेळाडूंसाठी लिहितो आहे. उदाहरणं कबड्डीची आणि पुण्याच्या उपनगरातली आहेत. आकडे माझ्या वहीतले आहेत, तुमच्याकडे ते थोडे इकडेतिकडे होतील.

जागा शोधताना

पोरं गोळा करण्याआधी जागा पक्की करा. मी उलटं केलं होतं. तीस पोरं जमली, एका मंडळाच्या पटांगणावर सराव सुरू झाला, आणि श्रावण सरताच तिथे गणपतीच्या मांडवाचे वासे उभे राहिले. त्यात मंडळाची काही चूक नव्हती, जागा त्यांचीच होती. पण मांडव, मग नवरात्र, मग दिवाळीचे फटाक्यांचे स्टॉल, असे अडीच महिने गेले आणि तीसातली अकरा पोरं उरली. म्हणून मंडळाची जागा मिळत असेल तर घ्या, पण वर्षभराचं कॅलेंडर समोर ठेवून कोणकोणत्या तारखांना ती आपली नसेल हे आधीच विचारून घ्या.

किती जागा लागते? किशोर गटाचं क्रीडांगण ११ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असतं. भोवती कमीत कमी ३ मीटर मोकळं हवं, कारण पकडीतून सुटलेलं पोर रेषेवर थांबत नाही, ते पुढे धडपडत जातं. म्हणजे १७ बाय १४ मीटरचा तुकडा झाला. एवढी जागा महापालिकेच्या बहुतेक शाळांच्या आवारात सापडते आणि संध्याकाळी साडेपाचनंतर ती रिकामी असते. मला विचाराल तर नवशिक्याने पहिला प्रयत्न तिथेच करावा. सार्वजनिक मैदानावर क्रिकेटवाल्यांशी रोज जागेवरून वाद होतो, आणि सोसायटीच्या मोकळ्या जागेत बाहेरची पोरं आलेली रहिवाशांना चालत नाहीत.

जागा पाहायला संध्याकाळी जा, ज्या वेळेला सराव होणार त्याच वेळेला. उजेड किती वाजेपर्यंत पुरतो ते बघा. नळ कुठे आहे, मुलींसाठी कडी लागणारं स्वच्छतागृह आहे का, ते उघडं ठेवतात का, हे बघा. मोकळ्या पट्ट्यात झेंड्याचा खांब, झाडाचा पार किंवा गटाराचं झाकण येत असेल तर क्रीडांगण सरकवा, आणि सरकवता येत नसेल तर ती जागा सोडा. खांबाला गादी बांधून काम भागतं असं वाटतं, पण गादी पहिल्या पावसात सडते आणि खांब तिथेच राहतो.

मग मुख्याध्यापकांना भेटा. त्यांना तुमच्या खेळातल्या कामगिरीपेक्षा दोन गोष्टींची काळजी असते: कुलूप कोण लावणार, आणि कुणाला लागलं तर कोण उत्तर देणार. या दोन्हींची उत्तरं तयार ठेवून जा. माझ्या वेळी मॅडमनी सरळच विचारलं, "सर, उद्या एखाद्याचा हात मोडला तर पालक माझ्या केबिनमध्ये येणार ना?" मी त्यांना पालकांच्या सहीचा नमुना दाखवला आणि जवळच्या अस्थिरोग दवाखान्याचं नाव सांगितलं. तिथल्या डॉक्टरांशी मी आधीच बोलून ठेवलं होतं. मॅडमनी तोंडी होकार दिला.

तोंडी होकारावर थांबू नका. मुख्याध्यापक बदलून गेले की तो होकारही त्यांच्याबरोबर जातो. शाळा महापालिकेची असेल तर परवानगी वरच्या कार्यालयातून यावी लागते. अर्जात वार, वेळ, मुलांची अंदाजे संख्या, किती चौरस मीटर जागा आणि कोणत्या महिन्यांसाठी, हे सगळं लिहा. परीक्षा, निवडणूक आणि शाळेचे कार्यक्रम या दिवशी सराव नसेल, हेही स्वतःहून लिहा. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक, तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पुढच्या प्रत्येक फेरीत तुम्हाला तोच क्रमांक विचारला जाईल. माझ्या अर्जाला सात आठवडे लागले, तेवढा धीर ठेवा.

याच टप्प्यावर कुणीतरी म्हणेल की अमक्या भाऊंना सांगितलं तर दोन दिवसांत काम होईल. होतंही. मी एकदा ते केलं, आणि पुढच्या महिन्यात मैदानाच्या भिंतीवर त्यांचा फलक लागला, मग त्यांच्या मिरवणुकीला आमच्या पोरांना टी-शर्ट घालून बोलावणं आलं. मी पाठवलं नाही आणि ती जागा गेली. जागा थोडी उशिरा मिळालेली परवडते.

माती

शाळेचं आवार म्हणजे सहसा कडक मुरूम. त्यावर धावता येतं, पडता येत नाही. कबड्डीत पडायचंच असतं, म्हणून वरचा थर मऊ करावा लागतो. या कामाला दोन सुट्टीचे दिवस लागतात.

क्रीडांगण आणि भोवती एक मीटर, म्हणजे १३ बाय १० मीटरचा भाग घ्या. वरचे खडे कुदळीने उकरून वेचून काढा. त्यावर तीन इंच माती लागते. हिशेब सुमारे साडेतीन ब्रासचा येतो, पण दाबल्यावर माती बसते म्हणून चार ब्रास मागवा. काळी माती कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. ती ओली झाली की पायाला लाडवासारखी चिकटते आणि सुकली की भेगा पडतात, त्या भेगेत घोटा मुरगळतो. तांबडी माती घ्या, ती चाळा, आणि फार घट्ट वाटली तर थोडी बारीक वाळू मिसळा. परीक्षा सोपी आहे. ओली मूठभर माती दाबली की गोळा झाला पाहिजे आणि बोटाने टोचलं की तो फुटला पाहिजे. जुन्या पद्धतीत मातीत शेणखत आणि लाकडाचा भुसा घालतात. भुसा मी घालतो, सहा पाट्या मातीला एक पाटी, त्याने जमीन हलकी राहते. शेणखत मात्र घालत नाही. पोरांचे गुडघे रोज सोलवटलेले असतात आणि शेणखतातून धनुर्वाताचा धोका असतो.

माती पसरली की पाणी मारा, रात्रभर मुरू द्या आणि सकाळी धुमसाने ठोका. रोज सरावाच्या दोन तास आधी झारीने हलकं पाणी लागतं. जमीन बरोबर आहे का हे टाचेवरून कळतं: टाच आपटली की अर्धा सेंटिमीटरचा ठसा उमटावा. धूळ उडाली तर पाणी कमी, टाच रुतली तर जास्त. रुतलेल्या दिवशी पकड शिकवू नका. पाय अडकतो आणि शरीर वळतं, आणि गुडघा नेमका तेव्हाच जातो.

आखणी करताना पहिला आयत काटकोनात बसला पाहिजे. चारही बाजू मोजल्यावर दोन्ही कर्ण मोजा. ११ बाय ८ ला प्रत्येक कर्ण १३ मीटर ६० सेंटिमीटर येतो. दोन्ही सारखे नसतील तर क्रीडांगण तिरकं आहे. मध्यरेषा ओढली की दोन्हीकडे साडेपाच मीटर मिळतात. तिच्यापासून ३ मीटरवर निदान रेषा, त्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. रुंदीच्या दोन्ही कडांना एकेक मीटर राखीव क्षेत्र. आखायला चुना वापरू नका. पोरांची तोंडं मातीत जातात आणि चुना डोळ्यांत भाजतो. पांढरी दगडी रांगोळी आणा, महिन्याला आठदहा किलो पुरते.

फी

माजी खेळाडूंना पैसे मागायला लाज वाटते. मलाही वाटायची. पहिलं वर्ष मी फुकट शिकवलं. त्यात झालं असं, की पाऊस आला की पोरं नाहीत, पाहुणे आले की पोरं नाहीत, आणि माती, दिवा, मलमपट्टी माझ्या पगारातून. घरी कुरबुर सुरू झाली तेव्हा मी वही घेऊन बसलो.

एक गोष्ट आधी सांगतो. खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात, रेल्वेत, बँकेत किंवा कुठल्या सरकारी खात्यात नोकरी असेल तर मोबदला घेण्याआधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. फी चालू झाल्यावर कुणाची तरी तक्रार जातेच.

आता हिशेब. माझ्याकडे २४ मुलं होती, आठवड्याला पाच दिवस, रोज दीड तास, म्हणजे महिन्याला साधारण वीस दिवस. शाळेला देखभालीचे २,००० रुपये. आवार झाडून पाणी मारणाऱ्या मावशींना ८००. दिव्याचे ५००. रांगोळी, मातीची डागडुजी आणि प्रथमोपचाराची पेटी मिळून ७००. मदतीला कॉलेजात शिकणारी एक माजी खेळाडू मुलगी, तिचे २,५००. एकूण ६,५०० झाले. माझ्या स्वतःच्या कामाचे मी दिवसाला २०० धरले, वीस दिवसांचे ४,०००. बेरीज १०,५००.

इथे बहुतेक जण १०,५०० ला २४ ने भागतात आणि फसतात. चोवीसच्या चोवीस जण कधीच फी देत नाहीत. चार मुलांच्या घरून येण्याची शक्यता नव्हती, दोघे भावंडं म्हणून अर्ध्या फीवर होते. पूर्ण देणारे अठरा. म्हणून अठराने भागा. ५८३ येतात, मी ६०० ठेवले. अठरांचे १०,८०० आणि दोन भावंडांचे ६००, असे ११,४०० जमतात. खर्च जाऊन ९०० उरतात.

हे ९०० खर्च करू नका, ते पावसाळ्याचे आहेत. जून ते सप्टेंबर मातीचं क्रीडांगण चालत नाही. त्या काळात मी वस्तीतलं समाजमंदिर आठवड्यातून तीन दिवस एकेक तास घेतो, तासाला २५० रुपये. महिन्याचे बारा तास म्हणजे ३,००० रुपये, चार महिन्यांचे १२,०००. मे महिन्यात पोरं गावाला जातात म्हणून ऑक्टोबर ते एप्रिल सात महिन्यांचे ६,३०० शिल्लक पडतात. पावसाळ्यात शाळेचे २,००० द्यावे लागत नाहीत, त्या चार महिन्यांचे ८,०००. दोन्ही मिळून १४,३००. हॉलचं भागतं आणि ऑक्टोबरात नव्या मातीला थोडे उरतात. त्यामुळे पावसाळ्यात दिवस कमी झाले तरी फी तीच राहते. हे प्रवेशाच्या दिवशीच पालकांना वही दाखवून सांगा. जुलैत सांगितलंत तर ते फसवणूक वाटते.

तीन महिन्यांची फी एकदम भरली तर सवलत द्यायची का? मी एकदा १,८०० ऐवजी १,६५० घेतले. सहा पालकांनी ती सवलत घेतली आणि महिन्याला ३०० रुपये गेले, म्हणजे पावसाळ्याच्या शिलकेचा तिसरा हिस्सा. आता सवलत नाही. पहिली माती मात्र फीत धरलेली नाही. ती प्रवेशाच्या वेळी प्रत्येकी ३०० रुपये घेऊन केली, आणि ट्रॅक्टर एका पालकांचा होता.

ज्या चौघांची फी माफ आहे ते कोण, हे फक्त मला आणि त्यांच्या आईवडिलांना माहीत असतं. पावती पुस्तक मी मुलांसमोर काढतच नाही. फीचं बोलणं पालकांशी, फोनवर किंवा महिन्याच्या पहिल्या शनिवारी. फी राहिली म्हणून मुलाला बाहेर बसवायचं नाही, कारण फी त्याने थकवलेली नसते. दोन महिने झाले की मी घरी जातो. बहुतेक वेळा काम सुटलेलं असतं किंवा कुणी आजारी असतं, मग ते पाचवं नाव माफीच्या यादीत जातं. मुद्दाम टाळणारा पालक सहा वर्षांत एकच भेटला.

पालकांची सही आणि मुलींची बाजू

प्रवेशअर्ज एका पानाचा पुरे. नाव, जन्मतारीख आणि दाखल्याची प्रत, दोन फोन नंबर, दमा, फिट येणं किंवा आधी मोडलेलं हाड याची माहिती, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं, आणि कबड्डीत लागतं हे माहीत असून पाठवतो आहोत अशी सही. वजन तुम्ही स्वतः काट्यावर करा आणि दर महिन्याला करा.

मुलींच्या आया पहिल्यांदा येतात तेव्हा गुडघ्याबद्दल बोलतात, मनात दुसरंच असतं. एक काकू मला म्हणाल्या, "दादा, पोरीला पकड शिकवणार म्हणजे धरणार कोण?" प्रश्न अगदी रास्त होता. माझं उत्तर ठरलेलं आहे: मुलींना पकड आमची ताई दाखवते, मी दोन मीटरवरून बोलतो. ताई आली नाही तर त्या दिवशी मुलींचा चढाईचा सराव होतो, पकडीचा नाही. कुठल्याही मुलासोबत, मुलगा असो की मुलगी, बंद खोलीत एकटं थांबायचं नाही. लागलेल्या जागी पट्टी बांधायची तरी सगळ्यांसमोर. व्हॉट्सॲपवर गट पालकांचा असतो, मुलांना वेगळे मेसेज जात नाहीत. पॉक्सो कायदा तुम्हाला माहीत असायला हवा आणि पालकांना तो तुम्हाला माहीत आहे हे कळायला हवं. सराव नेहमी उघड्यावर, आणि कुणीही पालक न सांगता येऊन बसू शकतो. एकदोघी रोज बसतात, मला त्यांचा आधारच वाटतो.

पहिले तीन महिने

आता शिकवण्याबद्दल, कारण माजी खेळाडू सगळ्यात जास्त इथेच चुकतो. त्याला जे उत्तम येतं ते तो पहिल्या दिवशी शिकवायला जातो. मी कोपऱ्याचा खेळाडू, म्हणून पहिल्याच आठवड्यात घोटा धरायला शिकवला. बारा वर्षांच्या एका मुलाने डोकं खाली घालून झेप घेतली, समोरच्याचा गुडघा वर आला आणि त्याच्या भुवईवर तीन टाके पडले. त्यानंतर माझा नियम आहे: पहिला महिनाभर कुणीही कुणाला धरायचं नाही.

त्या महिन्यात काय करायचं? पहिला आठवडा फक्त पडणं. उकिडवं बसून बाजूला लोळायचं, मग अर्ध्या उंचीवरून, मग चालत्या पायाने. हनुवटी छातीला, हात पसरून टेकवायचा नाही. पडताना हात टेकवणं ही प्रत्येक पोराची सवय असते आणि मनगट त्यानेच मोडतं. पंधरा दिवसांत सवय जाते, पण रोज पाच मिनिटं घ्यावी लागतात.

दुसऱ्या आठवड्यापासून दम आणि पाय. चढाईला ३० सेकंद असतात आणि तेवढा वेळ ‘कबड्डी’ स्पष्ट ऐकू यायला हवं. नवी पोरं पहिल्या दहा सेकंदांत ओरडून संपतात. त्यांना मध्यम आवाजात, चालता चालता दम घ्यायला लावा, मग पाय वाढवा. पायांचं पहिलं ध्येय निदान रेषा ओलांडून परत येणं एवढंच. रेषा न ओलांडता परतला तर चढाई करणारा बाद होतो, आणि स्पर्धेत नवख्या संघाचे गडी असे फुकट जातात. बोनस नंतर शिकवा. समोर सहा किंवा सात गडी असतानाच तो मिळतो, आणि एक पाय रेषेपलीकडे टेकलेला असताना मागचा पाय हवेत असावा लागतो. लहान मुलांचं लक्ष त्या मागच्या पायावरून लगेच सुटतं.

बचावाचा सराव या काळात साखळीचा. दोघांनी हात धरून चढाई करणाऱ्याच्या हालचालीबरोबर सरकायचं, धरायचं नाही. बोटांत बोटं गुंफू देऊ नका, झटका बसला की बोट निखळतं. मनगट धरायला शिकवा. नखं दर सोमवारी तपासा, कडं, अंगठी, गळ्यातला दोरा काढून ठेवायला लावा. अंगाला तेल लावून येणाऱ्याला परत पाठवा, स्पर्धेतही ते चालत नाही.

दुसऱ्या महिन्यात पकड, तीही गुडघ्यावर बसून. धरणारा आणि चढाई करणारा, दोघांच्या वजनात पाच किलोहून जास्त फरक नको. गट वयावर पाडू नका. तेरा वर्षांचा एक पोरगा ३० किलोचा असतो आणि दुसरा ५० किलोचा. घोटा धरताना डोकं नेहमी पायाच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्यासमोर कधीच नाही. मी डोळे उघडे ठेवून धर असं सांगतो, कारण जो डोळे मिटतो त्याचं डोकं आपोआप खाली जातं. पोराचे डोळे बघत राहा. कुणाला भीती वाटतेय ते तिथेच आधी कळतं. त्याला आठवडाभर मागे घ्या आणि साखळीत ठेवा. पट काढणं आणि मागून धरून उचलणं पहिल्या वर्षात शिकवूच नका.

तुम्ही स्वतः चढाई करायची नाही. मोह होतो, पोरंही "दादा, एकदा!" म्हणून मागे लागतात. सत्तर किलोचा माणूस पस्तीस किलोच्या साखळीत शिरला तर जे होईल ते तुम्हाला नको आहे. दाखवायचं असेल तर हळू, चालत दाखवा.

डोक्याला मार बसला तर त्या दिवशीचा खेळ संपला, मूल कितीही ठीक आहे म्हणालं तरी. उलटी, चक्कर, झोप येणं किंवा तेच ते विचारणं दिसलं तर थेट दवाखाना. खांद्याच्या पुढे, गळ्याच्या हाडावर हात ठेवून रडणारं मूल हात वर करू शकत नसेल तर ओढाताण करू नका, झोळीत हात अडकवून न्या.

समाजमंदिराच्या फरशीवर पावसाळ्यात पकड अजिबात नाही. तिथे दम, पदलालित्य, स्पर्श करून परतण्याची चढाई आणि पोट-पाठीचे व्यायाम. पोरं कंटाळतात, म्हणून मी जुलैत त्यांना गुण लिहायला आणि पंचाचे हातवारे करायला शिकवतो. ज्याला गुणपत्रक लिहिता येतं तो सामन्यात आपले किती गडी आत आहेत हे विसरत नाही.

पहिल्या सामन्याला नेताना

चार महिन्यांनी शेजारच्या वस्तीतल्या संघाशी एक सामना ठेवा, बक्षीस न ठेवता. त्यानंतर दोन वाटा आहेत. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात आणि त्यात मूल आपल्या शाळेकडूनच खेळतं. म्हणून मुलांच्या शाळांतल्या क्रीडाशिक्षकांना जाऊन भेटा. तुम्ही त्यांची मुलं पळवत नाही हे त्यांना समजलं की ते स्वतः मुलं पाठवतात. दुसरी वाट जिल्हा कबड्डी संघटनेच्या किशोर-किशोरी गटाची. तिथे नोंदणी असलेल्या संघाकडून उतरावं लागतं. नवा संघ नोंदवण्याच्या मागे लगेच लागू नका. वर्षभर एखाद्या जुन्या, नोंदणी असलेल्या मंडळाकडून तुमची तीनचार मुलं खेळू द्या. जन्मतारखेचे दाखले मूळ प्रतीसह तयार ठेवा. वय कमी दाखवायचा सल्ला देणारे भेटतील. तिथे वजनकाटाही असतो, आणि पकडलं गेलं तर त्या मुलाच्या कपाळी ते कायमचं लागतं.

पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी करायला हरकत नाही. मी तो करायला फार उशीर लावला. लहान मुलांचं शरीर भार कसा घेतं हे मला खेळाडू म्हणून कधी कळलंच नव्हतं.

मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात आणि आपली पोरं मातीवर वाढलेली असतात. मॅटवर पाय घसरत नाही, तो जागेवर चिकटतो, आणि मातीच्या सवयीने वळलेला घोटा दुखावतो. स्पर्धेआधी किमान चार दिवस कुठल्या तरी मॅट असलेल्या हॉलमध्ये सराव मिळवा, आणि बूट नवे असतील तर ते त्याआधी आठवडाभर पोरांना घालून वावरू द्या. गेल्या हिवाळ्यात आमच्या सात मुली पहिल्यांदा मॅटवर उतरल्या. पहिल्या सत्रात चार चढायांत चौघींचे पाय मध्यरेषेवरच अडखळले. मध्यंतरात ताईने त्यांना फक्त पावलं छोटी टाकायला सांगितलं. सामना सहा गुणांनी हरलो, पण दुसऱ्या सत्राचे गुण दोन्ही संघांचे सारखे होते.